इंदूरचं लग्न, महेश्वरचे दोन दिवस

इंदूरहून वहिनींचा फोन आला तेव्हा पत्रिका छापायलाही गेली नव्हती. धाकटीचं ठरलं, मुलगा उज्जैनचा, मुहूर्त नोव्हेंबरच्या अखेरच्या शुक्रवारचा, आणि आत्यांना घेऊन यायचंच. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. मुलीच्या वडिलांच्या त्या सख्ख्या आत्या, वय शहात्तर, आणि त्या पिढीतलं माहेरचं आता तेवढंच माणूस उरलेलं. मी त्याच फोनवर वहिनींना सांगून टाकलं, "आम्ही गुरुवारी सकाळी येतो आणि रविवारी सकाळी तुमच्याकडून निघतो. पुढे दोन दिवस महेश्वरला राहणार आहोत. गाडीची, राहण्याची कसलीही सोय तुम्ही बघायची नाही."

हे पहिल्याच फोनवर सांगण्याला कारण आहे. लग्नघरात आदल्या दिवशी "आम्ही जरा फिरायला जाऊन येतो" म्हटलं की यजमानांच्या डोक्यावर नवं काम येऊन बसतं. कुणीतरी भाचा गाडी घेऊन धाडला जातो, सोबत डबा दिला जातो, आणि ज्या भाच्याने मांडवात पंगत बघायची तो आपल्याबरोबर धर्मशाळा शोधत हिंडतो. दोन महिने आधी आणि ठामपणे सांगितलं, तर कुणाला वाईट वाटत नाही.

हा शहाणपणा आम्हाला आधीच्या खेपेने दिला. याच घरातल्या थोरलीचं लग्न आठ वर्षांपूर्वी झालं. तेव्हाही एवढं लांब जायचंच आहे तर माळवा बघून घेऊ, असं ठरवलं होतं. फरक इतकाच की फिरण्याचे दिवस लग्नाच्या आधी घेतले. दोन दिवसांत उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर, मांडू असं सगळं बसवलं. नकाशावर ते सहज बसतं. इंदूरपासून उज्जैन साधारण 55 किलोमीटर, ओंकारेश्वर 80 च्या आसपास, महेश्वर 90, मांडू शंभराच्या आत. पण ही गावं एका ओळीत नाहीत, इंदूरच्या चारी अंगांना आहेत. आम्ही दिवसाचे आठ-नऊ तास गाडीत बसलो आणि प्रत्येक ठिकाणी तास-दीड तास उतरलो. दुसऱ्या संध्याकाळी मांडूहून परतताना गाडीचं टायर गेलं, स्टेपनीत हवा नव्हती, आणि आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा सीमांतपूजन उरकलं होतं. मानाच्या आत्याबाईंची खुर्ची रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचे पाय एवढे सुजले होते की अक्षता टाकायला त्या बसूनच होत्या. त्यांनी कुणाला बोल लावला नाही, पण मला ते अजून लागतं.

म्हणून या वेळी पहिला नियम ठरला: लग्नाच्या आधी काहीही नाही. लग्न ही तारीख हलत नाही, त्यामुळे तिच्या आधी ठेवलेल्या प्रत्येक गोष्टीचा उशीर थेट तिच्यावर येऊन आदळतो. टायर जातं, मुलांचं पोट बिघडतं, घाटात ट्रक आडवा होतो. तेच लग्नानंतर घडलं तर फार तर एखादं देऊळ बघायचं राहतं. शिवाय आधी फिरलो की डोक्यात सतत लग्नच असतं. साडीला पिको केलाय का, आहेराची पाकिटं कुठल्या बॅगेत आहेत, हळदीला पिवळं कुणाकुणाकडे आहे. नदीकाठी बसूनही मन मांडवातच असतं.

आता तिकिटांचं. रेल्वेचं आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते प्रवासाचा दिवस सोडून 60 दिवसांवर आलं आहे. लग्नाला जाणाऱ्यांनी यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जाण्याचं आणि येण्याचं आरक्षण एकाच दिवशी उघडत नाही. आम्ही बुधवारी संध्याकाळी बोरिवलीहून अवंतिका एक्सप्रेस पकडणार होतो आणि पुढच्या मंगळवारी त्याच गाडीने इंदूरहून निघणार होतो. म्हणजे परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटानंतर सहा दिवसांनी उघडणार. जाण्याचं तिकीट हातात आलं की माणूस निर्धास्त होतो आणि परतीचं आठवेपर्यंत वेटिंग लागलेलं असतं. तुळशीच्या लग्नानंतर ते मार्गशीर्षाच्या मध्यापर्यंत मुहूर्तांची दाटी असते, आणि मुहूर्ताच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळी वऱ्हाडं एकदमच परततात. मी कॅलेंडरवर दोन्ही तारखांना गोल केले आणि दोन्ही दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला बसले.

इथे दोन दिवस जास्त राहण्याचा एक फायदा आपोआप पदरात पडला. रविवारच्या गाडीला, म्हणजे बहुतेक पाहुणे ज्या दिवशी परततात त्या दिवशी, माझ्या दिरांना वेटिंग मिळालं. आम्हाला मंगळवारचं पक्कं मिळालं, तेही सासूबाईंसाठी खालच्या बर्थसकट. दिरांचं वेटिंग पुढे सुटलं. ते इंदूरहूनच निघणार होते, आणि गाडी जिथून सुटते तिथून काढलेल्या तिकिटाचं वेटिंग, ज्यावर GNWL लिहिलेलं असतं, ते सुटण्याची शक्यता बरी असते. मधल्या स्टेशनांसाठी जो एकत्र कोटा असतो त्याचं PQWL मात्र सहसा अडकून बसतं. परतीला वेटिंगच घ्यावं लागलं तर तिकिटावरची ही अक्षरं बघून मगच भरवसा ठेवावा.

गुरुवारी सकाळी इंदूरला उतरलो आणि लग्नघराच्या स्वाधीन झालो. हळद, संध्याकाळी सीमांतपूजन. या वेळी सासूबाई पहिल्या रांगेत होत्या, नातजावयाला ओवाळलं, आणि मुलाकडच्या बायकांची ओळख त्याच करून घेत होत्या. शुक्रवारी लग्न, जेवणं, संध्याकाळी पाठवणी.

शनिवार आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला होता, आणि मला सांगायचंय ते मुख्य या शनिवारबद्दल. लग्नानंतरचा दिवस सुट्टीत धरू नये. तो लग्नघराचा असतो. शुक्रवारी रात्री कार्यालय सोडलं, शनिवारी सकाळी पाहुण्यांपैकी निम्मे स्टेशनवर गेले, आणि घरात एकदम शांतता आली. दारातल्या तोरणाची पानं सुकलेली, ओसरीवर भाड्याच्या गाद्यांची चळत, स्वयंपाकघरात उरलेल्या बुंदीचं पातेलं. वहिनी चहाचा कप हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. ज्या मुलीच्या मागे गेले तीन महिने धावत होत्या, ती घरात नव्हती.

मी म्हटलं, "वहिनी, आहेराची वही काढा. आपण लिहून टाकू."

दुपारभर आम्ही दोघी ते काम करत बसलो. मी पाकीट फोडायची, नाव आणि आकडा वाचायची, त्या लिहायच्या. पाचशे एक, अकराशे, दोनशे एक. प्रत्येक नावाशी त्या थांबायच्या. ही कोण, हिच्या मुलाच्या मुंजीला आपण काय दिलं होतं, हे काका कसे आजारी असून आले. एका पाकिटावर नावच नव्हतं, फक्त अक्षर. ते अक्षर कुणाचं असेल यावर सासूबाईंनी आणि वहिनींनी अर्धा तास घालवला, आणि शेवटी सासूबाईंनीच ओळखलं: माहेरच्या वाड्यात शेजारी राहणाऱ्या मास्तरीणबाईंच्या लेकीचं. आईसारखंच र चं वळण. त्या वहीत इंदूरच्या मराठी माणसांचा सगळा गोतावळा उतरत गेला. होळकरांच्या वेळी पुण्याकडून, नगरकडून, कोकणातून आलेली घरं, ज्यांच्या बोलण्यात आता हिंदी पुरती मिसळून गेलीय. वहिनी अजूनही "तुम्ही उद्याच जाऊन राह्यल्या का?" असं विचारतात आणि मला ते फार गोड वाटतं.

शनिवारी सकाळीच निघालो असतो तर हे काहीच झालं नसतं. आणि दुसरं, शरीरालाही तो दिवस हवा असतो. तीन दिवस अवेळी जेवण, जागरण, गोडधोड. त्या अवस्थेत सकाळी सहाला गाडीत बसवलं की माणसं चिडचिडी होतात, आणि मग फिरण्याला नावं ठेवतात.

संध्याकाळी मुलांना घेऊन सराफ्यात गेलो. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा बाजार असतो. रात्री दुकानांची शटरं खाली आली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याच्या गाड्या लागतात. त्यामुळे आठला जाऊन काही मिळत नाही. दहाच्या सुमाराला जावं, आणि रात्रीचं जेवण टाळून जावं. कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेला भुट्टे का कीस तिथे मिळतो. थंडीत गराडू असतो. गराडू म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद. त्याच्या फोडी तळतात, तव्यावर पुन्हा कुरकुरीत करतात, वर तिखट मसाला आणि लिंबू. तो फक्त हिवाळ्यातच मिळतो, म्हणून नोव्हेंबरात गेलात तर आधी तोच खावा.

त्याच रात्री सामानाची वाटणी केली. लग्नाला नेलेलं सामान हे सुट्टीचं सामान नव्हे, आणि हा घोळ जवळजवळ सगळेच करतात. आमच्या चार मोठ्या बॅगा होत्या: पैठणी, शालू, नवऱ्याची शेरवानी, उंच टाचांचे सॅंडल, मिळालेल्या साड्या, बुंदीच्या लाडवांचा डबा. हे सगळं घेऊन नदीकाठच्या गावात फिरायचं म्हणजे हमाली. रविवारी दीर-जाऊ थेट मुंबईला परतणार होते. तीन बॅगा त्यांच्याबरोबर गेल्या. दागिने मी जाऊबाईंच्या हातात मोजून दिले, यादी करून, आणि त्यांनी ते हँडबॅगेत स्वतःजवळ ठेवले. आमच्यापाशी रोजचं मंगळसूत्र आणि सासूबाईंच्या पाटल्या एवढंच सोनं उरलं. चौघांचे सुती कपडे, एकेक स्वेटर, सासूबाईंची औषधं अशी एक बॅग आणि एक पाठपिशवी घेऊन आम्ही निघालो. थेट परतणारं कुणी जवळचं नसेल तर बॅगा लग्नघरीच ठेवून परतताना उचलाव्यात, पण तसं असेल तर परतीचा रस्ता त्या शहरातूनच जायला हवा. दागिने हॉटेलच्या खोलीत ठेवून दिवसभर बाहेर राहणं मला तरी जमत नाही. मन सारखं त्या कपाटाशी घुटमळतं.

आता गाडीचा हिशेब. लग्नाच्या निमित्ताने फिरताना पैसा इथेच जास्त जातो आणि कळतही नाही. बाहेरगावी जाणारी भाड्याची गाडी सहसा दिवसाला किमान 250 किलोमीटर धरून आकारणी करते, तुम्ही तेवढं फिरा किंवा नका फिरू. वर ड्रायव्हरचा रोजचा भत्ता, टोल, पार्किंग. आम्हाला किलोमीटरला 13 रुपये सांगितले होते. रविवार ते मंगळवार तीन दिवस गाडी ठेवली असती तर 750 किलोमीटरचे 9,750, आणि तीनशेप्रमाणे भत्ता 900, म्हणजे 10,650 रुपये. प्रत्यक्षात आमचं फिरणं किती होतं? इंदूर ते महेश्वर 90, महेश्वर-मांडू जाऊन येऊन 80, परत इंदूर 90. सगळं मिळून 260. उरलेल्या वेळात गाडी घाटावर उभी राहणार आणि तिचे पैसे आपण भरणार. त्याऐवजी आम्ही इंदूरहून महेश्वरला फक्त सोडणारी गाडी केली, परतताना तशीच, आणि मांडूच्या एका दिवसासाठी महेश्वरमधलीच स्थानिक गाडी घेतली. तिन्ही मिळून 6,300 रुपये झाले. रोज वेगळ्या गावी मुक्काम असेल तर मात्र गाडी बरोबर ठेवणंच बरं. एका ठिकाणी राहायचं असेल तर ती मोकळी करावी.

एका ठिकाणी राहायचं हे तर आम्ही आधीच ठरवलं होतं. इंदूरच्या आसपास एवढं काही आहे की दोन दिवसांत काय टाकायचं हाच प्रश्न असतो. उज्जैन-ओंकारेश्वर ही दोन्ही ज्योतिर्लिंगं, तिथे दर्शनाच्या रांगेत किती वेळ जाईल ते आपल्या हातात नसतं, आणि सासूबाईंना रांगेत उभं राहणं जमणार नव्हतं. देवास अगदी जवळ. तिथे कुमार गंधर्व 1948 पासून राहिले, हे ठाऊक असल्याने नवऱ्याला तिकडे ओढ होती. ते त्याने पुढच्या खेपेवर टाकलं. महेश्वर निवडलं कारण तिथे घाटाजवळ खोली घेतली की पुढचं सगळं पायी होतं, आणि ज्याला थकायला होईल तो खोलीवर परतू शकतो. एकाला थकवा आला म्हणून चौघांनी परतायचं, असं होत नाही.

रविवारी चहा घेऊन नऊला निघालो. आग्रा रोडने महू, मानपूर, मग घाट उतरून धामनोद, तिथून वळून महेश्वर. अडीच तासांत पोचलो. घाट उतरला की हवा बदलते. माळव्याचं पठार मागे राहतं आणि आपण निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात येतो. हॉटेलमध्ये दोन खोल्या घेतल्या, रात्रीला एकीचे अडीच हजार. खालच्या मजल्यावरची एक सासूबाईंसाठी आणि लेकीसाठी, हे फोनवरच पक्कं केलं होतं. लग्नाच्या दिवसांत अशा लहान गावात आयत्या वेळी तळमजल्याची खोली मिळेल असं धरून चालू नये.

दुपारी झोप. संध्याकाळी घाट.

महेश्वरचा घाट मी आठ वर्षांपूर्वी दीड तासात पाहिला होता आणि फोटो घेऊन परतले होते. या वेळी कळलं की तो सकाळी एक असतो आणि संध्याकाळी दुसराच. अहिल्याबाईंनी इथे राजधानी आणली आणि 1767 पासून 1795 मध्ये देह ठेवेपर्यंत इथूनच कारभार केला. किल्ल्यातला त्यांचा वाडा साधा आहे. लाकडी खांब, अंगण, बसण्याची गादी. चौंडीच्या धनगराघरी जन्मलेल्या बाईने काशीपासून रामेश्वरापर्यंत देवळं आणि घाट बांधवले, आणि स्वतः राहिली ती अशा घरात. सासूबाई त्या गादीपुढे हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. वाड्यातून पायऱ्या उतरत गेलं की दगडी कमानी, छत्र्या, भिंतींवर कोरलेले हत्ती, आणि खाली एकदम रुंद पात्र. पायऱ्यांवर ठिकठिकाणी दगडी शिवलिंगं आहेत, लोक त्यांच्यामधून वाट काढत नदीशी जातात.

आम्ही गेलो ते दिवस नर्मदा परिक्रमेचे होते. चातुर्मास संपला की परिक्रमावासी निघतात, नदी सतत उजव्या हाताला ठेवून. सोमवारी पहाटे घाटावर पांढऱ्या कपड्यातले सात-आठ जण स्नान करून कमंडलू भरत होते. "नर्मदे हर" म्हटल्यावर त्यातल्या एकाने ऐकलं आणि विचारलं, "कुठले तुम्ही?" सांगलीकडचे निघाले. निवृत्त झाल्यावर पायी निघाले होते. सासूबाईंनी त्यांना बुंदीचे लाडू दिले. लग्नाचे आहेत म्हटल्यावर त्यांनी कपाळाला लावून घेतले.

न्याहारीनंतर लेकीला विणकर बघायचे होते. गावात फिरताना घराघरातून हातमागाची खटखट ऐकू येते. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी तिला मागाच्या शेजारी बसवलं. ताण्याचा रेशमी धागा उभा ताणलेला, बाणा सुती. पायाने पावडी दाबली की ताण्याचे धागे वरखाली होतात, त्या फटीतून धोटा डावीकडून उजवीकडे सुटतो, मग फणी पुढे ओढून धागा घट्ट बसवायचा. ही एक ओळ. एक इंच कापड व्हायला अशा कित्येक ओळी लागतात. लेकीने दहा मिनिटं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. काकांनी मग काठ तिच्या हातात दिला. "उलटा कर," म्हणाले. महेश्वरीच्या काठाची हीच खूण आहे. दोन्ही बाजूंनी तो सारखाच दिसतो, उलट-सुलट कळत नाही. काठावरच्या नक्षीला लाट, चटई, वीट अशी नावं, त्यातल्या बऱ्याच घाटाच्या आणि किल्ल्याच्या दगडांवरून उचललेल्या. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. दुकानात महेश्वरी म्हणून जे काही मिळतं त्यात निदान काठ उलटून बघायला तरी हरकत नाही. साधी विणलेली साडी व्हायला किती दिवस लागतात ते विचारलं, तर म्हणाले, लाइट असेल, घरात आजारपण नसेल, तर चार-पाच. लेकीने स्वतःच्या साठवलेल्या पैशांतून फिकट राखाडी रंगाची, लाट-काठाची एक घेतली. तिची पहिली साडी.

मांडूला आम्ही सोमवारी दुपारी निघालो, तीनही जागा बघण्याचा हट्ट न धरता. मांडूत वास्तू तीन ठिकाणी विखुरल्या आहेत. तलावाकाठचा जहाज महाल आणि हिंडोळा महाल, बाजारातली जामी मशीद आणि होशंगशाहाची संगमरवरी कबर, आणि दूर टोकाला रेवा कुंड, बाजबहादुराचा महाल आणि रूपमतीचा मंडप. पायऱ्या सगळीकडे आहेत. सासूबाईंसाठी आम्ही जहाज महाल आणि होशंगशाहाची कबर एवढंच ठेवलं. जहाज महाल दोन तलावांच्या मध्ये, 120 मीटर लांब. पावसाळ्यानंतर दोन्ही बाजूंना पाणी असतं आणि खरोखरच जहाज उभं असल्यासारखं वाटतं. सासूबाई खालच्या कट्ट्यावर पाण्याकडे बघत बसल्या, आम्ही वर गेलो. गच्चीवर पाणी नेणारी एक दगडी नाळ नागमोडी कोरली आहे, शंखासारखी गोल गोल फिरत हौदात उतरते. फिरण्यात पाण्यातला गाळ मागे राहावा म्हणून. लेक ते वळण बोटाने गिरवत बसली.

परतताना रस्त्याच्या कडेला बायका गोरखचिंचेची मोठी राखाडी फळं विकत होत्या. मांडूत ही झाडं फार. बुंधा एवढा जाड की तिघांनी कवेत घ्यावा. ड्रायव्हर म्हणाला, रूपमतीच्या मंडपावरून लख्ख दिवशी नर्मदा दिसते, जायचं का? सूर्य खाली आला होता. सासूबाईंनी मागच्या सीटवरून सांगितलं, "नर्मदा मी सकाळी पाहिली, जवळून. चला घरी." घरी म्हणजे महेश्वरच्या खोलीवर.

मंगळवारी परतीची गाडी संध्याकाळची असूनही आम्ही महेश्वर सकाळी नऊलाच सोडलं. इंदूरला साडेअकरा-बारापर्यंत पोचायचं आणि मधले तास राखीव ठेवायचे. घाटात ट्रॅफिक अडकलं तर दोन तास सहज जातात, आणि आठ वर्षांपूर्वीचं टायर मी विसरले नव्हते. काही अडलं नाही, बाराला वहिनींच्या दारात होतो.

हा दिवस आम्ही परतीसाठी निवडला त्यालाही एक कारण होतं, ते फोनवर वहिनींनीच सुचवलं होतं. मंगळवारी मांडवपरतणी होती. मुलगी उज्जैनहून नवऱ्याबरोबर पहिल्यांदा माहेरी आलेली. शनिवारच्या त्या सुन्या ओसरीवर आता चपला होत्या, आत कढईत पुऱ्या फुलत होत्या. नवी नवरी नव्या साडीत थोडी अवघडून, पण स्वयंपाकघरात जुन्याच जागी ओट्याला टेकून उभी होती. लेकीने पिशवीतून राखाडी महेश्वरी काढून तिला दाखवली, काठ उलटा करून, काकांनी सांगितलं होतं तसा. तिने तो अंगठ्याने चाचपला आणि आईकडे वळून म्हणाली, "आई, मलापण अशीच हवी."

वहिनी पुरी तळता तळता हसल्या. सासूबाई आत आल्या आणि पाटावर बसून केळीची पानं पुसायला लागल्या. गाडीला अजून बराच वेळ होता.